ब्रेकिंग बॅड: शेवटच्या भागात वॉल्टर ज्युनियरचं वय किती? (रसभंगाचा इशारा: मालिका पाहायची असेल तर पुढे वाचू नका)

कुंभारवाडा
मंडळी, घरात वाद पेटलाय. आम्ही दोघं 'ब्रेकिंग बॅड' दुसऱ्यांदा बघतोय आणि काल 'ओझिमँडियस' झाला. स्वयंपाकघरात सुरी, झटापट, ज्युनियर मध्ये पडून पोलिसांना फोन लावतो तो. बायको म्हणते, पोरगा एकोणीस-वीसचा दिसतोय, इतकी वर्षं गप्प कसा बसला? मी म्हणतो तो सोळाचा आहे, आणि 'इतकी वर्षं' वगैरे काही झालेलीच नाहीत. तिचं उत्तर तयार होतं: पहिला भाग जानेवारी २००८ चा, शेवटचा सप्टेंबर २०१३ चा, मग वर्षं कशी झाली नाहीत?

मला दोन उत्तरं हवी आहेत. 'ओझिमँडियस'मध्ये ज्युनियर किती वर्षांचा, आणि 'फेलिना'मध्ये, म्हणजे अगदी शेवटच्या भागात, किती? नुसतं 'चाहत्यांच्या पानावर असं लिहिलंय' चालणार नाही. ती पुरावा मागते.

झटपट जोशी
सोपं आहे. पाच पर्वं, पाच वर्षं. सुरुवातीला पंधरा, शेवटी वीस. वहिनी बरोबर आहेत. चेहरा बघा की, पहिल्या पर्वात कोवळा पोर आणि शेवटी दाढीची निळसर झाक.

सुलभा काकू
अरे, एवढं काय त्यात? आर. जे. मिटीचा जन्म २१ ऑगस्ट १९९२ चा. शेवटचा भाग २९ सप्टेंबर २०१३ ला लागला. म्हणजे नुकतीच एकवीस पूर्ण झाली होती. झालं.

कुंभारवाडा
काकू, ते नटाचं वय झालं. मी पात्राचं विचारतोय. :)

सुलभा काकू
असं होय. पण मग दाढीचं काय करणार? ती तर नटाचीच.

मंदाकिनी_द
काकूंनी मूळ अडचणीवरच बोट ठेवलंय. दाढी चित्रीकरणाच्या कॅलेंडरने वाढते, पात्र गोष्टीच्या कॅलेंडरने. पहिला भाग लागला तेव्हा मिटी पंधराचा होता आणि ज्युनियरही पंधराचा, म्हणून सुरुवातीला काही खटकत नाही. पुढे दोघांमध्ये अंतर पडत जातं.

आता पुरावा. या मालिकेत तारखा फार कमी दिसतात, पण लेखकांनी तीन खुंट्या ठोकून ठेवल्यात आणि तिन्ही ज्युनियरच्या वडिलांच्या, वॉल्टच्या वाढदिवसाच्या आहेत. पहिल्या भागात वॉल्टची बायको स्कायलर नाश्त्याच्या ताटलीत बेकनच्या पट्ट्यांनी ५० लिहिते. पाचव्या पर्वाच्या चौथ्या भागात, 'फिफ्टी-वन'मध्ये, त्याच पट्ट्यांचे ५१ होतात, आणि तेही ज्युनियरने आठवण करून दिल्यावर. पाचव्या पर्वाची सुरुवातच पुढच्या काळातल्या दृश्याने होते. तिथे वॉल्ट एकटाच डेनीजमध्ये बसून स्वतःच्या हाताने ५२ मांडतो. ते दृश्य कालक्रमाने 'फेलिना'त बसतं.

म्हणजे पहिल्या भागापासून शेवटपर्यंत दोन वर्षं आणि वर फार तर दोन-चार दिवस. पाच नाही. जोशीबुवा, पर्व हे वाहिनीचं माप आहे, गोष्टीचं नव्हे. चौथं पर्व लागलं तिसऱ्यानंतर तेरा महिन्यांनी, पण सुरू होतं त्याच रात्री, गेलच्या दारातली गोळी सुटल्यावर लगेच.

झटपट जोशी
दोन वर्षांत एवढं सगळं? कर्करोग, गस, विमानांची टक्कर, गाडा भरून पैसे? पटत नाही.

मंदाकिनी_द
न पटणं स्वाभाविक आहे, कारण ही दोन वर्षं सारखी वाटलेलीच नाहीत. भाग मोजून बघा. पहिल्या पर्वाचे सात, मग तीन पर्वांचे तेरा-तेरा, म्हणजे शेहेचाळीस. त्यात पाचव्याचे चार मिळवले की 'फिफ्टी-वन' हा पन्नासावा भाग येतो. एकूण भाग बासष्ट.

म्हणजे वॉल्टचं एक्कावन्नावं वर्ष सुरू झाल्यापासून ते पूर्ण होईपर्यंत पन्नास भाग, आणि प्रेक्षकांच्या आयुष्यातली साडेचार वर्षं: जानेवारी २००८ ते ऑगस्ट २०१२. पुढचं वर्ष मात्र उरलेल्या बारा भागांत, आणि प्रसारणाला लागले साधारण चौदा महिने.

यात गंमत अशी की तुमचं 'पर्व म्हणजे वर्ष' हे गणित पाचव्या पर्वाला जवळजवळ लागू पडतं. तिथे गोष्टीचं घड्याळ आणि आपलं घड्याळ बरोबरीने चालतं. आधीच्या चार पर्वांना ते लावलं की घोटाळा.

झटपट जोशी
म्हणजे मी वीस टक्के पास. चालेल.

कुंभारवाडा
मंदाकिनीताई, हे वॉल्टचं झालं. ज्युनियरचं?

मंदाकिनी_द
येते त्याकडे. ज्युनियरची आपल्याला एकच खुंटी लागते: चौथ्या पर्वाचा दहावा भाग, 'सलूड'. त्यात त्याचा सोळावा वाढदिवस आहे. स्कायलर त्याला जुनी पीटी क्रूझर देते आणि त्याचं तोंड पडतं, कारण आधीची लाल चॅलेंजर हातची गेलेली असते. मोजणीने हा त्रेचाळिसावा भाग.

आता फक्त क्रम लावा, तारखांची गरजच नाही. पहिला भाग म्हणजे वॉल्टचा पन्नासावा वाढदिवस आणि 'फिफ्टी-वन' म्हणजे एक्कावन्नावा. 'सलूड' या दोन्हींच्या मध्ये. म्हणजे पहिल्या भागानंतर वर्षाच्या आत पोरगा सोळाचा झाला, अर्थात पहिल्या भागात तो पंधराचा होता. कोणी सांगायची गरज नाही, आपोआप निघतं.

पुढे 'फेलिना'. वॉल्टचा बावन्नावा वाढदिवस 'फिफ्टी-वन'नंतर बरोबर बारा महिन्यांनी. ज्युनियरचा सतरावा वाढदिवस 'सलूड'नंतर बारा महिन्यांनी. 'सलूड' आधी, 'फिफ्टी-वन' नंतर. मग सतरावा वाढदिवससुद्धा बावन्नाव्याच्या आधीच येऊन गेला असणार. वाढदिवस कोणत्याही महिन्यात टाका, उत्तर बदलत नाही. शेवटच्या भागात ज्युनियर सतराचा.

कुंभारवाडा
वा! आणि 'ओझिमँडियस'?

मंदाकिनी_द
तिथे थोडा अंदाज शिरतो. 'सलूड' आणि 'फिफ्टी-वन' यांच्यामध्ये किती दिवस गेले हा प्रश्न आहे. 'सलूड'नंतर गसचा शेवट होईपर्यंत घटना दिवसा-दोन दिवसांच्या अंतराने घडतात. पाचवं पर्व त्याच दिवशी पुढे चालू होतं. मग माइकशी बोलणी, कीटकनाशकाचे तंबू लावून घराघरांत माल शिजवायची जुळवाजुळव. काही आठवडे धरू, फार ताणलं तर दोन महिने.

दुसऱ्या टोकाला, 'ओझिमँडियस'नंतर वॉल्ट न्यू हॅम्पशरच्या केबिनमध्ये जातो आणि तिथे महिनोन्‌महिने राहतो. तो सामान आणून देणारा माणूस महिन्यातून एकदा येतो, केस वाढतात, अंगठी बोटातून निसटायला लागते. म्हणजे 'ओझिमँडियस' बावन्नाव्या वाढदिवसाच्या बऱ्याच महिने आधीचा, आणि ज्युनियरचा सतरावा फार तर दोन महिने आधीचा. तर 'ओझिमँडियस'मध्ये तो सोळाचाच. तुम्ही जिंकलात, पण वहिनींना 'एकोणीस दिसतो' यात चूक काढू नका. मिटी चित्रीकरणाच्या वेळी वीसचा होता.

कुंभारवाडा
वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, "सोळाचा असेल तर मग आणखीच धाडसी." त्यावर मी काय बोलणार!

अर्धविराम
छान चाललंय. मला ज्युनियरच्या धाकट्या बहिणीचं, होलीचं कोडं पडतं. ती दुसऱ्या पर्वात जन्मते आणि 'ओझिमँडियस'मध्ये "ममा" म्हणते. हे बसतं का?

मंदाकिनी_द
बसतं, आणि होली तर या मालिकेतलं सर्वात भरवशाचं घड्याळ आहे, कारण गरोदरपण कोणत्याही लेखकाला लांबवता येत नाही. पहिल्या भागात स्कायलरचं पोट स्पष्ट दिसतं. पाच महिने धरा. जन्म 'फिनिक्स'मध्ये, म्हणजे एकोणिसाव्या भागात. तेव्हा पहिले एकोणीस भाग जेमतेम चार महिन्यांत आटोपले पाहिजेत. मग 'फिफ्टी-वन'ला होली साधारण आठ महिन्यांची. पुढे 'ग्लायडिंग ओव्हर ऑल'मध्ये गाण्यावर जो माल शिजवायचा आणि पैसे ओतायचा तुकडा आहे ना, त्यात काही महिने गेलेत. म्हणजे 'ओझिमँडियस'ला ती वर्षाची किंवा थोडी मोठी. "ममा" म्हणायचं अगदी योग्य वय.

पण पोटाचे महिने मी नजरेने धरलेत हे लक्षात ठेवा. सहावा महिना धरलात तर होली एक महिन्याने मोठी होते.

सुलभा काकू
आमच्या मालिकेत हे सोपं असतं बाई. पाळण्यातलं बाळ दाखवतात, मग पडद्यावर 'सात वर्षांनंतर', आणि बाळ शाळेचं दप्तर घेऊन येतं. आई मात्र त्याच साडीत, केससुद्धा पांढरा नाही. आणि गणपती दरवर्षी आपल्याच गणपतीला बसतो. एकदा तर नायिकेचं डोहाळजेवण संक्रांतीला आणि बारसं पुढच्या संक्रांतीनंतर. मी हिशोब करून लेकीला फोन केला होता.

झटपट जोशी
काकू, दैनंदिन मालिकेचा नियमच वेगळा. सण खऱ्या पंचांगाने, गरोदरपण टीआरपीने.

पाचवा मजला
एक बारीक खुसपट काढतो. इथे सगळे गृहीत धरून चाललेत की गोष्ट २००८ ला सुरू होते आणि २०१० ला संपते. मग 'ग्लायडिंग ओव्हर ऑल'मध्ये तुरुंगातल्या खुनांचं नियोजन चालू असताना जॅकच्या टोळीतला एक जण लादेनला मारणं एवढं किचकट नव्हतं अशा अर्थाचं काहीतरी बोलतो, त्याचं काय? लादेन मारला गेला २ मे २०११ ला. तुमच्या हिशोबाने तो प्रसंग २००९ च्या शेवटी घडतो. दीड वर्ष आधीच बातमी?

अर्धविराम
हे मी पार विसरलो होतो. मग गोष्ट २०१० ते २०१२ मध्ये सरकवली तर? पन्नासावा २०१० ला, बावन्नावा २०१२ ला. लादेन बसतो.

मंदाकिनी_द
लादेन बसतो, पण 'बेटर कॉल सॉल' उठतं. त्या मालिकेची सुरुवात २००२ ला आहे, आणि तिच्यातला ओमाहामधला काळा-पांढरा भाग चाहते २०१० चा धरतात. वॉल्टचा वकील सॉल पळून जाण्याआधी आपल्या सेक्रेटरीला, फ्रान्सेस्काला सांगतो की १२ नोव्हेंबरला दुपारी तीनला अमुक फोनजवळ थांब. तो फोन सहाव्या पर्वात खरंच होतो, आणि तोवर वॉल्टची गोष्ट संपलेली आहे, स्कायलरची सरकारशी तडजोडही झालेली आहे. शेवट २०१२ ला नेला तर ते सगळं दोन वर्षांनी ढकलावं लागेल.

माझं मत विचाराल तर लादेनचं वाक्य २०१२ च्या लेखकाच्या तोंडून २०१२ च्या प्रेक्षकासाठी निसटलंय. ती चूक म्हणून सोडून द्यावी. म्हणूनच मी वर वय काढताना सनाला हातच लावला नाही. सन डळमळीत आहे, वाढदिवसांचा क्रम पक्का आहे.

पाचवा मजला
सोयीचा पुरावा ठेवायचा, गैरसोयीचा 'चूक' म्हणायचा? कोर्टात नाही चालणार.

मंदाकिनी_द
:) कोर्टात साक्षीदाराचं वजन बघतात. ताटलीतले आकडे हे कथानक आहे, त्यावर अख्खा भाग उभा आहे. लादेन म्हणजे टोळीतल्या एका माणसाची जाता जाता मारलेली कोटी. दोघांत भांडण लागलं तर मी ताटलीच्या बाजूने.

नाशुआकर
उशिरा आलो. मी न्यू हॅम्पशरमध्येच राहतो, म्हणून एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. वॉल्टचा वाढदिवस सगळीकडे ७ सप्टेंबर धरतात. तुम्ही 'फेलिना'ची सुरुवात पुन्हा बघा. गाडीच्या काचांवर बर्फाचा जाड थर आहे. आत बसून तो पोलिसांचे दिवे जाईपर्यंत थांबतो, किल्ली सापडते, काच ठोकून बर्फ पाडतो. तिथून तो सरळ न्यू मेक्सिकोला जातो. अंतर साधारण साडेतीन हजार किलोमीटर, एकट्याने तीन-चार दिवस. मग जुना भागीदार एलियटच्या घरी, मग डेनीज. म्हणजे तो बर्फ वाढदिवसाच्या फार तर आठवडा-दीड आठवडा आधीचा.

ऑगस्टच्या शेवटी इथे आम्ही अर्ध्या चड्डीत तळ्यावर पोहत असतो! बर्फ सहसा ऑक्टोबर सरताना किंवा नोव्हेंबरात, आणि खरा थर त्यानंतर.

कुंभारवाडा
हे भारी आहे. मग वाढदिवस कधी?

नाशुआकर
बर्फाचं ऐकायचं तर मार्च. तो केबिनला पोचतो तेव्हाही रस्ताभर बर्फ आहे आणि निघतो तेव्हाही. नोव्हेंबर-डिसेंबरात आला, मार्चच्या शेवटी गेला, चार महिने. केस तेवढे वाढतात, एकटेपणाने माणूस तासभराच्या सोबतीला दहा हजार डॉलर देण्याइतका वेडाही होतो. मला हे पूर्ण पटतं. सप्टेंबर धरला तर मार्चमध्ये येऊन सप्टेंबरात जाणार, मग मधला उन्हाळा कुठे गेला? एकही हिरवं पान दाखवत नाहीत.

अर्धविराम
पण 'फिफ्टी-वन'ला सगळे संध्याकाळी पोहण्याच्या तलावाशेजारी बसलेत आणि स्कायलर कपड्यांसकट पाण्यात उतरते. अल्बुकर्कीत मार्चच्या रात्री पोहणं सोडा, बाहेर बसायलाही शाल लागेल.

नाशुआकर
ती काय पोहायला उतरली होती का? :) पण बाकीचे निवांत बसलेत, हे मान्य.

मंदाकिनी_द
दोन्ही पुरावे खरे आहेत आणि एकमेकांशी जुळत नाहीत. मार्च घेतला तर आणखी एक अडचण: सॉल केबिनच्या थोडाच आधी पळतो, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबर २००९. मग १२ नोव्हेंबरचा फोन एक तर लगेच येतो, तेव्हा वॉल्ट जिवंत आहे आणि स्कायलरची तडजोड अजून व्हायचीय, नाही तर वर्षभर पुढचा. सप्टेंबर घेतला तर सॉल वसंतात पळतो, वॉल्ट सप्टेंबरात मरतो, फोन नोव्हेंबरात. सरळ जुळतं. फक्त बर्फ वितळत नाही.

ज्युनियरच्या वयाला मात्र यातलं काहीच धक्का लावत नाही. मार्च घ्या की सप्टेंबर, 'फेलिना'त सतरा.

पाचवा मजला
मनगटी घड्याळाची गोष्ट कोणी काढली नाही? जेसीने एक्कावन्नाव्या वाढदिवसाला दिलेलं घड्याळ वॉल्ट 'फेलिना'त पेट्रोल पंपावरच्या फोनच्या डब्यावर काढून ठेवतो. लोकांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली, काळ संपला वगैरे. मूळ कारण साधं होतं. डेनीजचं दृश्य वर्षभर आधी चित्रित झालेलं, त्यात त्याच्या मनगटावर घड्याळ नव्हतं. मग ते कुठेतरी उतरवणं भाग होतं.

मंदाकिनी_द
अगदी बरोबर. आणि बर्फाचंही मूळ तेच असावं, असा माझा तर्क. डेनीजचं दृश्य लिहिलं तेव्हा फक्त 'न्यू हॅम्पशरचा परवाना, बावन्न' एवढं ठरलेलं दिसतं. मधलं वर्ष कसं भरायचं हे नंतर आलं, आणि थंडी-बर्फ दृश्याला हवा होता म्हणून घेतला. घड्याळाची दुरुस्ती करता आली, ऋतूची राहून गेली.

झटपट जोशी
मग 'एल कमिनो' या फिल्मचं काय? ती 'फेलिना'च्याच रात्री सुरू होते, आणि आली ऑक्टोबर २०१९ मध्ये. जेसी पंचविशीचा, ॲरन पॉल चाळीस. टॉड तर एका रात्रीत दहा किलो वाढलाय.

सुलभा काकू
तणावाने वजन वाढतं रे.

कुंभारवाडा
:D बायकोने आता नवा प्रश्न दिलाय. ज्युनियर सतराचा, मग 'फेलिना'तली शाळा झाल्यावर त्याचं बारावीचं वर्ष सुरू आहे की अकरावीचं? वॉल्टने दिलेले पैसे त्याला अठरा पूर्ण झाल्यावरच मिळायचेत ना, तर किती महिने थांबायचंय?

मंदाकिनी_द
दुसऱ्याचं उत्तर निघतं. एलियट-ग्रेचेनला वॉल्ट सांगतो की अठराव्या वाढदिवसाला द्या. ज्युनियरचा सतरावा वॉल्टच्या बावन्नाव्याच्या काही आठवडे ते दोन महिने आधी झालाय. म्हणजे दहा-अकरा महिने थांबायचंय. वर्गाचं मात्र वाढदिवस मार्चच्या बाजूला की सप्टेंबरच्या यावर अवलंबून, म्हणजे पुन्हा नाशुआकरांच्या बर्फात.

नाशुआकर
मी हटणार नाही. या शनिवारी 'ग्रॅनाइट स्टेट' थांबवून-थांबवून बघतो. झाडांवर पानं आहेत का, आणि बारमधल्या टीव्हीच्या कोपऱ्यात तारीख आहे का, कळवतो.